बर्मी जोडाक्षरांचा घोळ

म्यानमारमधल्या शाळेने लावलेली परीक्षेची सूचना बर्मी लिपीत असते, पण तिच्यातले बरेच शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचे निघतात. गणित या विषयाचे बर्मी नाव अक्षरशः वाचले तर ‘सङ्ख्या’ असे आहे, आणि विज्ञानाचे ‘सिप्पं’, म्हणजे पालीतला शिल्पवाचक शब्द. चौथीचा वर्ग ‘चतुत्थ’, पाचवीचा ‘पञ्चम’, सहावीचा ‘छट्ठम’, सातवीचा ‘सत्तम’, आठवीचा ‘अट्ठम’. उच्चार फार वेगळे होतात, पण लेखनात पाली रूप बहुतांशी जसेच्या तसे राखले जाते. हे शब्द पालीतून आले आणि येताना जोडाक्षरे घेऊन आले. बर्मी लिपीत जोडाक्षर म्हणजे एका व्यंजनाखाली दुसरे व्यंजन बारीक करून लिहिणे. अस्सल बर्मी शब्दांत अशी रचना क्वचितच दिसते. ती मुख्यतः पालीतून आलेल्या शब्दांत असते. शाळेची भाषा अशा शब्दांनी भरलेली असल्यामुळे फॉन्ट बदलताना जोडाक्षरे विस्कटली, की त्याचा फटका शाळेच्या सूचनेला सर्वांत आधी बसतो. वर्गाचे नाव आणि विषयाचे नाव, नेमकी हीच दोन माहितीची ठिकाणे बिघडतात.

हा बिघाड समजण्यासाठी संगणक जोडाक्षर कसे साठवतो ते पाहावे लागते. देवनागरीत ‘प्प’ लिहिताना संगणकात तीन गोष्टी साठतात: प, हलन्ताची खूण आणि पुन्हा प. पडद्यावर दिसणारे जोडाक्षर कोठेही साठवलेले नसते. फॉन्ट आणि त्यामागचा अक्षरजुळणीचा प्रोग्राम ते त्या त्या क्षणी तयार करतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी दिसते, तरी साठवताना ती क नंतरच जाते. बर्मीची युनिकोड पद्धत हीच आहे. फरक एवढाच, की देवनागरीत एकच हलन्त दोन कामे करतो: कधी तो ‘जगत्’ मधल्यासारखा दिसतो, कधी दोन व्यंजने जोडून स्वतः नाहीसा होतो. बर्मीत या दोन कामांना दोन वेगळ्या खुणा आहेत. अक्षराच्या डोक्यावर दिसणारा हलन्त म्हणजे ‘अथात’. तो जवळजवळ प्रत्येक ओळीत अनेकदा येतो. दुसरी खूण स्वतः दिसत नाही. पुढचे व्यंजन खाली उतरवायचे एवढीच आज्ञा ती देते. तिला येथे ‘जोडखूण’ म्हणू.

घोळाचे मूळ या दोन खुणांच्या क्रमांकांत आहे. १९९९ साली युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीत बर्मी लिपी आली, तेव्हा दोन्ही कामांसाठी `U+1039` हा एकच क्रमांक होता, आणि दिसणारा हलन्त हवा असेल तर त्याच्यापुढे आणखी एक अदृश्य चिन्ह घालावे लागे. कागदावर ही व्यवस्था ठीक होती. पण त्या काळच्या विंडोज एक्सपीला बर्मी अक्षरजुळणी येतच नव्हती, त्यामुळे नियमाप्रमाणे लिहिलेला मजकूर घरच्या संगणकावर नीट दिसत नसे. मायक्रोसॉफ्टने बर्मी लिपीचा स्वतःचा फॉन्ट विंडोजसोबत दिला तो २०१२ च्या विंडोज ८ पासून. मधल्या काळात, २००७ च्या सुमारास, झॉजी नावाचा फॉन्ट पसरला. त्याने जुळणीची भानगडच ठेवली नाही. खाली उतरलेल्या प्रत्येक व्यंजनाला, प्रत्येक खुणेच्या आखूड आणि लांब रूपाला त्याने स्वतंत्र क्रमांक देऊन टाकला. पडद्यावर जसे दिसते त्याच क्रमाने टंकायचे, की साध्यातल्या साध्या संगणकावरही बर्मी वाचता येई. त्या वेळच्या अडचणीवर तोडगा म्हणून हे हुशारीचे काम होते यात शंका नाही.

पण झॉजीने क्रमांक घेतले ते युनिकोडच्या बर्मी विभागातलेच, म्हणजे जे रिकामे दिसले ते आणि ज्यांना आधीच काही अर्थ होता असेही थोडे. दिसणाऱ्या अथातला त्याने `1039` दिला. व्यंजनाला जोडून येणाऱ्या य, र, व आणि ह यांच्या खुणांना `103A` ते `103D` दिले, आणि उतरलेली व्यंजने `1060` पासून पुढे मांडली. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडची ५.१ आवृत्ती आली आणि तिने बर्मीची मांडणी पक्की केली. `1039` ही फक्त जोडखूण झाली, अथातला नवा `103A` मिळाला, आणि य-र-व-ह यांच्या खुणा `103B` ते `103E` वर गेल्या. झॉजीच्या तुलनेत सगळे एका घराने पुढे सरकले. `1060` पासूनच्या जागा मोन, करेन आणि शान या म्यानमारमधल्याच इतर भाषांच्या अक्षरांना देण्यात आल्या. तोवर झॉजीतला मजकूर भरपूर साठला होता. २०१४ साली परदेशी कंपन्या मोबाइल सेवेत उतरल्या, सिमकार्डे स्वस्त झाली, आणि बाजारात आलेल्या कितीतरी फोनांत झॉजी आधीच बसवलेला होता. एकाच देशात एकाच लिपीच्या दोन साठवणपद्धती शेजारी शेजारी नांदू लागल्या. लोक एकच मजकूर एकाखाली एक दोनदा लिहीत, वर झॉजी आणि खाली युनिकोड अशी नोंद करून. नाहीतर सरळ कागदाचा फोटो पाठवत. १ ऑक्टोबर २०१९ पासून देशाने अधिकृतपणे युनिकोडची वाट धरली. जुन्या फायली मात्र झॉजीतच राहिल्या, आणि त्या बदलून घेण्याचे काम शाळाशाळांच्या कचेऱ्यांत येऊन पडले.

मराठी छपाईच्या धंद्यातल्यांना श्री-लिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचा खटाटोप माहीत असतो. तिथे एक सोय असते. कृतिदेवमधला मजकूर मुळात रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेला असल्यामुळे फॉन्ट काढला की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, आणि हा मजकूर अजून बदललेला नाही हे लहान मुलालाही कळते. झॉजीत ती सोय नाही. फॉन्ट बदलला तरी अक्षरे बर्मीच राहतात. बरीच जागेवर, काही चुकीची. संगणकाच्या दृष्टीने तर तो बर्मीच मजकूर असतो, फक्त विचित्र.

विज्ञान या शब्दाची दोन्ही पद्धतींतली साठवण अशी:

```
युनिकोड : 101E 102D 1015 1039 1015 1036
झॉजी    : 101E 102D 1015 1078 1036
```

`1015` म्हणजे प. युनिकोडमध्ये प, जोडखूण आणि पुन्हा प असा क्रम आहे. झॉजीत प आणि त्यानंतर ‘खाली उतरलेला प’ हे एकच तयार चिन्ह, `1078`. झॉजीतला हा शब्द न बदलता युनिकोड फॉन्टमध्ये उघडला, तर `1078` या जागी शान भाषेतले च चे अक्षर उभे राहते. जोडाक्षर मोडते आणि त्याच्या जागी भलत्याच भाषेचे अक्षर ओळीत येऊन बसते. गणित आणि इंग्रजी या विषयांची गत याहून वाईट होते, कारण त्यांच्यात ‘किन्झी’ आहे. किन्झी म्हणजे पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवलेला ङ, साधारण मराठीतल्या रफारासारखा. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे आधी साठवला जातो. झॉजीत नंतर, एकाच चिन्हाने:

```
गणित, युनिकोड : 101E 1004 103A 1039 1001 103B 102C
गणित, झॉजी    : 101E 1001 103A 1064 102C
```

झॉजीतल्या `1064` ला युनिकोड फॉन्ट करेन भाषेची सुराची खूण समजतो. त्याच्या आधीचा `103A` झॉजीत य ची खूण आहे, पण युनिकोडमध्ये तो अथात आहे. म्हणून ख हलन्त होतो आणि ‘ख्या’ चा ‘ख्’ होऊन बसतो.

याच्या उलटही घडते, आणि ते अधिक फसवे असते. जिथे जोडाक्षर नव्हते तिथे ते तयार होते. ‘म्यानमार’ हे देशाचे नाव, जे त्या भाषेच्या विषयाचेही नाव आहे, बर्मीत लिहिताना न वर अथात येतो आणि पुढे म येतो. दोन्ही सुटे असतात. झॉजीत तो अथात `1039` आहे. युनिकोड फॉन्टला `1039` दिसला की तो आज्ञा पाळतो आणि पुढचा म उचलून न च्या खाली नेऊन ठेवतो. म्हणजे एकाच सूचनेत खरी जोडाक्षरे सुटी होतात आणि सुटी अक्षरे जोडली जातात. नुसता फॉन्ट सदोष असता तर बिघाड एकाच दिशेने झाला असता. दोन्ही दिशांचा बिघाड एकत्र दिसला, की मजकूर झॉजीतला आहे आणि बदल झालेलाच नाही असे खुशाल समजावे. जोडीला आणखी एक खूण सापडते. ‘ए’ ची मात्रा बर्मीत व्यंजनाच्या डावीकडे दिसते. झॉजीत ती आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते. त्यामुळे न बदललेल्या मजकुरात शब्दाच्या सुरुवातीला ही मात्रा पोरकी पडते आणि तिच्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ उमटते.

बदल करणारे प्रोग्राम हे सगळे नियमांनी करतात: उतरलेल्या प च्या जागी जोडखूण आणि प घाला, `1039` चा `103A` करा, `103A` चा `103B`, मात्रा पुढच्या व्यंजनापलीकडे सरकवा, किन्झी अलीकडे आणा. रॅबिट नावाचा मुक्त प्रोग्राम या कामासाठी पुष्कळ वापरला गेला. असे नियम मजकूर झॉजीतला असेल तर चोख चालतात. पण समोरचा मजकूर आधीच युनिकोडमध्ये असेल, तरी ते तेवढ्याच निष्ठेने चालतात, आणि सूचनांमध्ये दिसणारा दुसरा, जास्त किचकट बिघाड तिथून सुरू होतो.

उदाहरणादाखल एक वेळापत्रक घेऊ. मजकुराचा मोठा भाग मागच्या वर्षीच्या फायलीतला, म्हणजे झॉजीतला आहे. वरचे शीर्षक आणि वर्गांची नावे मात्र शिक्षण खात्याच्या नव्या परिपत्रकातून उचलून आणली आहेत, म्हणजे युनिकोडमधली आहेत. पडद्यावर अर्धा कागद विस्कटलेला दिसतो, म्हणून लेखनिक अख्खी फाईल निवडतो आणि बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये घालतो. खालचा भाग सुधारतो. वरचा, जो आधी बरोबर होता, तो असा होतो (डावीकडे मूळ, उजवीकडे बिघडलेले):

```
ကျောင်း      ->  ကြောငျး
စတုတ္ထတန်း   ->  စတုတ်ထတနျး
သင်္ချာ       ->  သငျ်ခြာ
```

पहिला शब्द शाळेचा, दुसरा चौथीच्या वर्गाचा, तिसरा गणिताचा. प्रत्येक ठिकाणी तीच एका घराची सरकवासरकव झाली आहे. अथात असायला हवा तिथे य ची वळणदार खूण आली, य च्या जागी र ची, आणि जोडखुणेच्या जागी अथात. म्हणून ‘चतुत्थ’ मधले त आणि थ सुटले: त ला डोक्यावर अथात आला आणि थ शेजारी येऊन उभा राहिला. गंमत अशी, की बर्मी वाचणाऱ्याला हा ‘चतुत् थ’ फारसा खटकत नाही. जोडाक्षर येत नसलेल्या माणसानेही तो असाच लिहिला असता. डोळ्यांत भरतो तो ‘वर्ग’ या अर्थाचा पुढचा शब्द, कारण त्यातल्या न ला लोंबलेली य ची खूण सामान्य बर्मी लेखनात येतच नाही. ‘ए’ ची मात्राही कधी कधी घर सोडते. तिच्या लगेच पुढे एखादे व्यंजन असेल, तर प्रोग्राम तिला त्या व्यंजनाची समजतो आणि उडी मारून पुढे नेतो.

या दुसऱ्या बिघाडात ठिपक्यांची वर्तुळे जवळपास नसतात आणि शान-करेन अक्षरेही नसतात. पान वरवर नीटनेटके दिसते, म्हणून ते छापलेही जाते. अशा वेळी ‘अजून पूर्ण बदलले नाही’ असे समजून तीच फाईल पुन्हा प्रोग्राममध्ये घालणे ही नेहमीची चूक आहे. तिने खालचा नुकताच सुधारलेला भागही बिघडतो आणि वरचा दुप्पट. उलट दिशेचा प्रोग्राम चालवून मागे येता येईल असे वाटते, पण भरवसा धरता येत नाही. कोणती मात्रा उडी मारून आली आणि कोणती मुळातच तिथे होती, याची नोंद मजकुरात कुठेच राहत नाही. मूळ फाईल बाजूला जपून ठेवणे हाच खरा उपाय.

तिसरी शक्यता सोपी आहे, पण तिच्यामुळेच पुष्कळदा नाहक बदल केला जातो. मजकूर युनिकोडमध्ये आणि अगदी बरोबर असतो; तो दाखवणाऱ्या प्रोग्रामला मात्र बर्मी जुळणी येत नाही. पानजुळणीच्या काही जुन्या प्रोग्रामांत हे आढळते. मग जोडाक्षर खाली उतरत नाही आणि जोडखूण अक्षराखाली बारीक अधिकचिन्हासारखी उघडी पडते. तोच मजकूर नव्या फोनवर किंवा ब्राउझरमध्ये चिकटवून पाहावा. तिथे नीट दिसला, तर दोष प्रोग्रामचा आहे आणि मजकुराला हात लावायचे कारण नाही.

मजकूर कोणत्या पद्धतीतला हे ओळखणारी साधनेही आहेत. गूगलच्या मुक्त संचातले `myanmar-tools` हे साधन कोणत्या खुणेनंतर कोणती खूण येते याची संभाव्यता तपासते आणि झॉजी असण्याचा अंदाज 0 ते 1 या मापात देते. मोठ्या परिच्छेदावर ते चांगले चालते. वेळापत्रक मात्र त्याच्या सोयीचे नसते, कारण तक्त्याच्या एका चौकटीत एखादाच शब्द असतो. ‘पथम’, म्हणजे पहिली, हा शब्द दोन्ही पद्धतींत तंतोतंत सारखा साठतो. त्यावरून काहीच ठरवता येत नाही, आणि तो बदलल्याने काही बिघडतही नाही. पण दोन-तीन अक्षरांचा, हलन्त असलेला शब्द एकटा तपासला तर अंदाज चुकू शकतो आणि मग बिघाड होतो. त्यामुळे चौकट-चौकट तपासू नये, आणि अख्खी फाईलही एका झटक्यात बदलू नये. एका ठिकाणाहून आलेला मजकूर एक गट धरावा: शीर्षक वेगळे, परिपत्रकातला भाग वेगळा, जुना तक्ता वेगळा. प्रत्येक गट एकदाच तपासावा आणि झॉजी निघाला तरच बदलावा.

बदल झाल्यावरची तपासणी साध्या शोधसुविधेनेही होते, फक्त ती नमुन्यांनी शोधू देणारी हवी:

```
[\u1060-\u1097]
\u1039([^\u1000-\u1021]|$)
[\u1004\u1014]\u103B
```

पहिली ओळ झॉजीची उरलेली तयार चिन्हे शोधते. सूचनेत शान, मोन किंवा करेन मजकूर असेल तर ती अक्षरेही यात सापडतील, आणि ती तशीच ठेवायची आहेत. शान राज्यातल्या शाळेत हा नमुना डोळे झाकून वापरणे धोक्याचे. दुसरी ओळ जिच्यापुढे व्यंजन नाही अशी जोडखूण शोधते. युनिकोड लेखनात तशी जागा नसते, म्हणून सापडलेला प्रत्येक नमुना न बदललेला झॉजी अथात असण्याचीच शक्यता मोठी. तिसरी ओळ ङ आणि न यांना लागलेली य ची खूण पकडते, म्हणजे दोनदा बदललेला मजकूर. तिन्हींत काही सापडले नाही, की चौथी ते आठवीची पाच नावे आणि इंग्रजी, गणित, विज्ञान हे तीन विषय डोळ्यांनी वाचावेत. पहिली ते तिसरी, नववी आणि दहावी यांच्या नावांत जोडाक्षर नाही, त्यामुळे ती नावे नीट दिसतात म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट या सगळ्यातून निसटते. बर्मी शून्य आणि बर्मी व दिसायला सारखेच. बर्मी सात आणि र यांच्यातही फरक शोधावा लागतो. झॉजीच्या काळात टंकताना हाताला येईल ते वापरले जाई, कारण कागदावर दोन्ही एकच दिसत. बदलणारे प्रोग्राम आजूबाजूची अक्षरे पाहून अंदाज करतात: शेजारी आकडा असेल तर आकडा, अक्षर असेल तर अक्षर. पण एकटा सात चौकटीत असेल, तर तो सकाळी ७ ची वेळ आहे की र हे अक्षर, हे शेजाऱ्यावरून कळत नाही. छापील कागदावर यामुळे काही बिघडत नाही. तोच तक्ता आकडेमोडीच्या प्रोग्राममध्ये घातला, की त्या ओळीची बेरीज होत नाही आणि वेळेनुसार लावलेला क्रम चुकतो. वेळा, तारखा आणि आसनक्रमांक यांचे रकाने म्हणून वेगळे काढून, तिथे केवळ `1040` ते `1049` हेच क्रमांक आहेत ना, हे पाहून घ्यावे लागते.